पिवळी नसलेली ओळ

हॉस्पिटलच्या मॅनेजरने मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण ही हकिकत मी जिथे जिथे सांगितली तिथे ऐकणारे शेवटी हसतात आणि म्हणतात, "म्हणजे भाऊ, तुमचं तुम्हीच फसलात." तसं नाही. मला त्यानेच फसवलं. फसवताना त्याला फारसे कष्ट पडले नाहीत एवढं मात्र मान्य करतो. बरंचसं काम मीच करून दिलं होतं.

या फसवणुकीपायी झालं असं, की जी कॅप्सूल घेऊन माझ्या पोटात रक्तस्राव झाला होता, तीच कॅप्सूल रोज जेवणानंतर घ्या, असं लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन मी घरी निघालो होतो. कार्डाच्या तळाशी निळ्या अक्षरांत छापलेलं होतं, की हा मजकूर माणसाने तपासला आहे. तो माणूस मी होतो.

आता रीतसर सांगतो.

वलवणला हार्डवेअरच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. जिना इतका उभा, की गिऱ्हाईक वर येईपर्यंत त्याचा भाव करायचा दम संपलेला असतो. जागा घेताना हे मी बघून घेतलं होतं. त्याआधी मी राजमाची पॉइंटला भुट्टे विकले आहेत, बंगलेवाल्यांचे जनरेटर दुरुस्त करून आणून दिले आहेत, आणि इंग्रजी टायपिंग शिकून परदेशी डॉक्टरांची बोलणी कानात घालून रात्रीच्या रात्री टाइप केली आहेत. डॉक्टर बोलतो, आपण ऐकून लिहितो, याला डिक्टेशन म्हणतात. ते काम मी शिकलो, मग चार बायकांना शिकवलं, मग मावळातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळवलं. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही. मीही कोणाला दिलेलं नाही. दोन्हींचा मला सारखाच अभिमान आहे.

आमच्या ऑफिसात तेव्हा जोडीने वाचायची पद्धत होती. एकीने टाइप करायचं, मग दुसरीने कानाला हेडफोन लावून डॉक्टरांचा आवाज पुन्हा ऐकायचा, आणि पहिलीने कागद मोठ्याने वाचायचा. औषधाचं नाव आलं की थांबायचं. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, चालू की बंद, हे दोघींनी एकामागून एक म्हणायचं. ऑफिसात दिवसभर देवळातल्या आरतीसारखा आवाज असायचा. ही पद्धत आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंनी बसवली होती. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण मावशी म्हटलं नाही तर फाईल देत नाहीत.

मग हॉस्पिटलने मशीन घेतलं. मशीन म्हणजे काही दिसायची वस्तू नाही, कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम. डॉक्टर फोनमध्ये बोलतात, तो ते लिहून काढतो. एवढंच नाही, पेशंट दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत जे काही बोललं गेलं त्या सगळ्याचा सारांश करून डिस्चार्ज कार्डाचा मजकूरही तोच तयार करतो. माझा धंदा बसला, असं मी घरी येऊन सांगितलं आणि दोन दिवस सगळ्यांवर ओरडत होतो. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. मशीनने लिहिलेलं माणसाने तपासायला हवं, ते काम तुम्ही घ्या.

मॅनेजर पुण्याचा. शर्टाला इस्त्री अशी, की बाहीची कड लागून बोट कापेल. त्याने मला स्क्रीन दाखवला. "हे बघा भाऊ, मशीनला जिथे शंका वाटते तिथे ते स्वतःच पिवळं करतं. बाकी पांढरं. तुम्ही सगळं तपासायचं, पण आता टायपिंग नाही, म्हणून दर निम्मा."

दर निम्मा म्हटल्यावर माझं डोकं जे तापलं, ते थेट कामाला लागलं. मला राग आला की भाव चांगला सुचतो, असा माझा अनुभव आहे. निदान तोपर्यंतचा.

"दर निम्मा, तर काम निम्मं," मी म्हणालो. "आम्ही फक्त पिवळं बघणार."

"आणि पांढरं?"

"तुमचं मशीन म्हणतंय ना, त्याला शंका नाही? मग आम्ही कशाला शंका घ्यायची? मशीनवर विश्वास नसेल तर परत करा."

तो स्क्रीनकडे वळला. आता मला वाटतं, तो हसू दाबत असावा. मग म्हणाला, "ठीक आहे. पण कार्डाखाली 'माणसाने तपासले' असं छापावं लागेल."

"छापा की. शाई तुमची."

जिंकलो म्हणून मी जिना शीळ घालत चढलो. वर मावशींना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"भाऊ, मग पांढरं कोण वाचणार?"

"डॉक्टर. सही त्यांची असते."

"डॉक्टरांना वाचायला वेळ असता तर आपण कशाला असतो?"

"मावशी, ठरलंय ते ठरलंय."

पण त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत. स्क्रीनवर एक बटण होतं, ते दाबलं की आख्खा मजकूर उघडायचा. मावशी आणि त्यांचं बघून बाकीच्या तिघी प्रत्येक कार्ड उघडून पांढरंही वाचायला लागल्या. एकदा त्यांनी डाव्या गुडघ्याचा उजवा झालेला पकडला. मला दाखवला. मी म्हणालो, "हे आपल्या करारात नाही." रोजची कार्डं मागे पडायला लागली. मी चिडलो, मॅनेजरला फोन लावला आणि सांगितलं, की ते बटणच काढून टाका, आमच्या बायका त्यावर वेळ घालवतात. नुसते पिवळे तुकडे एकामागून एक दिसू द्या: एक तुकडा, 'बरोबर' नाहीतर 'दुरुस्त', पुढचा तुकडा.

त्याने ते बटण काढलं. दुसऱ्याच दिवशी. हीच ती फसवणूक. अशा वेळी जबाबदार माणसाने नाही म्हणायचं असतं. मी मागणारच, मी मागणाराच माणूस आहे. द्यायचं की नाही हे त्याने ठरवायला हवं होतं.

यानंतर कामाचा वेग असा वाढला, की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. गुडघे मात्र दुखत होते. तो जिना. मी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होतो, कोणाला न विचारता, कारण डॉक्टरला विचारलं की फी. काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेली आहे, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी कॅप्सूल रोजची. एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात, म्हणून ती मला आवडायची. एकाच्या जागेत दोन. या दोन्हींचं पोटात जमलं आणि एक दिवस मी ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांसमोर अंधारी येऊन बसलो. शौचाला काळं होत होतं, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मावशींनी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याशी भाव केल्याचं मला आठवतं. त्यापुढचं अंधुक आहे.

दाखल झालो ते त्याच हॉस्पिटलात. दुर्बीण घालून पोटातली जखम पाहिली, तिथेच ती बंद केली, रक्त चढवलं. बरं वाटायला लागलं तसा माझा आवाज परत आला. जेवण म्हणून मऊ भात आणि पातळ वरण यायचं. मी ठेचा मागितला. नाही म्हणाले. मी पुन्हा मागितला. राउंडला आलेल्या डॉक्टरांशीही मी ठेच्याबद्दल बोललो. एकदा ते काहीतरी महत्त्वाचं सांगत होते, असं बायको म्हणते, पण ती डबा आणायला घरी गेली होती, म्हणजे तिलाही ते नंतर कळलं. आणि मी त्या वेळी फोनवर होतो, ऑफिसचा पंखा दुरुस्त करणाऱ्याशी. तो माणूस तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही मला दोष द्याल.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला. "भाऊ, दोघी लग्नाला गेल्यात. कार्डं तुंबलीत. हॉस्पिटलवाले ओरडतायत, पेशंट खोळंबलेत म्हणतात."

मी म्हणालो, "मी बसतो." लॅपटॉप बायकोने आणला होता, मी सांगितलं म्हणून. हाताला सलाइनची सुई, मांडीवर लॅपटॉप. तपासणाऱ्याला पेशंटचं नाव, गाव दिसत नाही, ते आधीच झाकलेलं असतं. दिसतो तो फक्त पिवळा तुकडा. मी धडाधड निघालो. बरोबर. बरोबर. दुरुस्त. बरोबर. शेजारच्या खाटेवरचा माणूस कौतुकाने बघत होता, असं मला वाटलं. त्याला खरं तर झोप हवी होती.

मध्येच एक तुकडा आला आणि मी मोठ्याने हसलो. डॉक्टर इंग्रजीतच बोलतात, पण ठेच्याला इंग्रजी शब्द कुठून आणणार? मशीनने त्याचं काहीतरी भलतंच करून पिवळं केलं होतं. मी आवाजाचा तेवढा तुकडा ऐकला आणि 'ठेचा' दुरुस्त केला. मराठीत सांगायचं तर वाक्य असं होतं: पेशंट ठेच्यासाठी वारंवार हट्ट करतो, सौम्य आहाराबद्दल समजावले आहे.

"ऐक," मी बायकोला म्हणालो. "याच हॉस्पिटलात कोणीतरी महाभाग आहे. पोटाचा आजार आणि ठेचा मागतोय. काय माणसं असतात."

बायको सफरचंद चिरत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "व्हय का?" म्हणाली आणि परत चिरायला लागली.

त्या कार्डात तेवढं एकच पिवळं होतं. बाकी सगळं पांढरं. मी 'दुरुस्त' दाबलं आणि पुढचं कार्ड घेतलं.

दुपारी सिस्टर आली. तिकोणा पेठेकडची पोरगी, आवाज खणखणीत. तिच्या हातात माझं कार्ड, औषधांच्या पट्ट्या आणि क्लिपला लावलेली वॉर्डातली ट्रीटमेंट शीट, म्हणजे रोज कुठलं औषध दिलं ते लिहायचा कागद. त्या वॉर्डाची एक रीत आहे. कार्ड हातात देऊन पेशंट सोडत नाहीत. सगळ्या पट्ट्या, पेशंटने घरून आणलेल्याही, चादरीवर मांडतात आणि पेशंटलाच एकेक उचलून सांगायला लावतात: ही कशाची, ही कधी घ्यायची.

"सांगा काका. घरी गेल्यावर कुटली कधी घेणार?"

"कार्डावर लिहिलंय."

"कार्ड मला वाचता येतं. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मी काय बालवाडीत आहे?"

"बालवाडीतली पोरं गपगुमान सांगत्यात."

शेजारच्या खाटेवरचा माणूस आता जागा होता. मी रागाने एक पट्टी उचलली. ही पोटाची, सकाळी उपाशीपोटी. दुसरी लोहाची. ही वेदनाशामक, ही केराच्या टोपलीत. तेवढं मला कळलं होतं. मग माझी लाडकी कॅप्सूल उचलली. "ही रोज, जेवणानंतर."

"ही न्हाई."

"काय नाही?"

"ही बंद केलीय डॉक्टरांनी. आल्यापासनं मी तुमाला दिलीच न्हाई. ही बगा, शीटवर रेघ हाय, वर डॉक्टरांची सही."

मी कार्ड तिच्यासमोर धरलं. 'पूर्वीची औषधे चालू ठेवावीत', त्याखाली कॅप्सूलचं नाव, वेळ, सगळं. सुबक. "हे काय आहे?"

तिने वाचलं. कपाळाला आठी पडली. "चुकलंय कार्ड. थांबा, डॉक्टरांना इचारते. तवर जायचं न्हाई."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? पोटातून रक्त गेलेला माणूस, समोर नर्स सांगते आहे की ही गोळी तुला पुन्हा आजारी पाडेल. शहाण्या माणसाने तिचे आभार मानले असते. मी भांडलो.

"चुकणार कसं? खाली बघा. माणसाने तपासलंय म्हणून छापलंय."

"छापलं असंल."

"असेल नाही, आहे! हे तपासणारं ऑफिस माझं आहे. आमची चूक निघालेली नाही आजवर. तुमची शीट जुनी असेल. हाताने लिहिलेल्या कागदाचं काय सांगता मला?"

"काका, शीट आजची हाय."

"मग रेघ चुकून पडली असेल!"

बायको मध्ये पडली. "आवं, आयका की जरा. ती तुमच्याच भल्याचं सांगतीया."

"तू गप्प बस."

"मी गपच हाय. सकाळी त्या ठेचावाल्याला हसलात, तवाबी गपच हुते."

हे मला लगेच कळलं नाही. मी सिस्टरला कार्डातल्या मजकुराचा नेटकेपणा दाखवायला निघालो होतो, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते कार्ड वरपासून वाचायला लागलो. हृदयात स्प्रिंग. वेदनाशामकांचा वापर. काळं शौच. दुर्बिणीने उपचार. आणि मध्येच, सौम्य आहाराच्या आधी, ठेचा. तोच. मी सकाळी दुरुस्त केलेला, माझ्या स्पेलिंगमध्ये.

मी खाटेवर बसलो. पट्ट्या माझ्याखाली चुरगळल्या. सिस्टरने त्या ओढून काढल्या आणि मला म्हणाली, "सरका."

डॉक्टर आले. त्यांनी कार्ड वाचलं, शीट बघितली, आणि आधी सिस्टरला म्हणाले, "बरं झालं थांबवलंत." मला म्हणाले, "ही घेतली असती तर पुन्हा इथेच आला असता. किंवा आला नसता." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या वाक्यानंतर मी ती कॅप्सूलची पट्टी वाद न घालता केराच्या टोपलीत टाकली. बायको म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग मला वाद घालायचा होता, म्हणून मी म्हणालो, आवाज ऐकवा. सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी तो लावला. त्यांचं बोलणं तीन ठिकाणी होतं. मी दाखल झालो तेव्हा ते म्हणाले होते: घरी चालू असलेली औषधं अशी अशी, त्यात ती कॅप्सूल. दुसऱ्या दिवशी राउंडला: कॅप्सूल बंद, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे, पुढच्या तपासणीला एकच साधी गोळी द्यायची का ते ठरवू. आणि सोडायच्या सकाळी: बाकीची औषधं पूर्वीप्रमाणे. मशीनने 'पूर्वीप्रमाणे' म्हणून थेट पहिल्या दिवसाची यादी उचलली. मधल्या दिवसाचं 'बंद' तिथेच राहिलं. औषधांचा एकही शब्द चुकीचा लिहिलेला नव्हता. आवाज स्वच्छ होता, म्हणून ठेचा सोडून पिवळं काहीच झालं नव्हतं. मशीनचा पिवळा रंग म्हणजे 'मला नीट ऐकू आलं नाही' एवढंच. सारांश करताना काय गळलं, काय जुनं चिकटलं, याला त्याच्याकडे रंगच नाही. जे कागदावर उतरलंच नाही, ते पिवळं कसं करणार? मी मात्र पांढरं म्हणजे 'बरोबर' असं धरून भाव केला होता.

"पण सही तुमची आहे," मी डॉक्टरांना म्हणालो. अजून एक दार उघडं आहे का ते बघत होतो.

"आहे. राउंडमधून राउंडला जाताना फोनवर सह्या करतो आम्ही. खाली 'माणसाने तपासले' असतं. मी समजत होतो, तुम्ही पूर्ण वाचता."

"आम्ही पांढरं वाचत नाही. कारण सही तुमची असते."

डॉक्टरांनी कार्ड माझ्यापुढे धरलं, मी ते परत त्यांच्याकडे सरकवलं. सिस्टर पट्ट्या पिशवीत भरत होती. ती म्हणाली, "म्हंजे वाचलं कुणीच न्हाई."

नवीन कार्ड आलं. या वेळी डॉक्टरांनी शीट शेजारी ठेवून वाचलं आणि मग मी वाचलं, आणि मग बायकोने, तिला इंग्रजी येत नाही तरी. घरी आल्यावर मावशींना फोन केला. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "ठेचावाला पेशंट बरा आहे का?" सगळ्या ऑफिसला आधीच कळलं होतं. बायकोने सांगितलं असणार. ती गप्पच असते, पण फोनवर नसते.

चालता यायला लागल्यावर मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण मावशी सोबत आल्या आणि त्यांनी माझ्या आधी बोलायला सुरुवात केली, म्हणून काम झालं. आता पद्धत बदलली आहे. औषध, मात्रा, चालू की बंद, ॲलर्जी, डावं-उजवं, या गोष्टी पिवळ्या असोत नसोत, प्रत्येक वेळी आवाजाशी आणि वॉर्डाच्या शीटशी ताडून बघायच्या. कार्डातल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं की ती कुठल्या दिवसाच्या बोलण्यातून आली ते उघडतं. पहिल्या दिवसाची यादी आणि शेवटच्या दिवसाची शीट यांच्यात फरक असेल, तर कार्ड पुढे जातच नाही, कोणीतरी तो फरक वाचून कारण लिहिल्याशिवाय. डॉक्टरांनाही औषधांचा भाग उघडल्याशिवाय सही करता येत नाही. मी काढायला लावलेलं बटण परत आलं. आणि काही कार्डं, कुठली ते आधी न सांगता, दोघी जोडीने पूर्ण वाचतात. ऑफिसात पुन्हा आरती सुरू झाली आहे.

शिवाय मावशींनी एक डाव काढला. आठवड्यातून काही बनावट कार्डं त्या आमच्या कामात मिसळतात, कुठल्याही पेशंटची नसलेली, मुद्दाम चूक घातलेली. तपासणारा जागा आहे की नुसता बोट दाबतोय, ते कळायला. हे मी मोठ्या उत्साहाने मंजूर केलं. पहिल्याच खेपेला जो सापडला तो मी. एका पेशंटचे दोन्ही गुडघे उजवे होते आणि मी ते पास केले. त्या दिवशी मला चहा कोणी विचारला नाही, सगळ्या हसण्यात होत्या.

इथवर हसून झालं. हसायला माझी हरकत नाही, मी स्वतःही हसतो, सुईची जागा दुखायची थांबल्यापासून. पण माझी तक्रार वेगळी आहे.

हॉस्पिटलने चौकशी केली आणि कागदावर लिहिलं, 'तपासणाऱ्याची मानवी चूक'. एवढंच. म्हणजे मी. मशीन विकणारे म्हणाले, पिवळ्याचा अर्थ आम्ही पहिल्याच दिवशी समजावला होता. मॅनेजर म्हणाला, बटण यांनीच काढायला लावलं. डॉक्टर म्हणाले, मला काय माहीत करारात काय आहे. सगळ्यांचं खरं आहे. पण तपासणीची रचनाच अशी होती, की आमच्यापैकी प्रत्येकाला वाटावं, दुसऱ्याने वाचलंय. ती रचना मी मागितली, त्याने दिली, डॉक्टरांनी चालवली. आणि चूक मात्र एकाच्या बोटाची?

तेही मी गिळलं असतं. पण माझ्या कार्डाआधी त्याच रीतीने तपासलेली कार्डं घरोघरी गेली आहेत. बेडशात गेली, पवनेकाठच्या गावांत गेली, तळेगावच्या सोसायट्यांत गेली. पट्ट्या चादरीवर मांडून पेशंटला बोलायला लावायची रीत एका वॉर्डात आहे, सगळ्या वॉर्डांत नाही. मी मॅनेजरला सांगितलं, ती सगळी जुनी कार्डं आम्हाला परत द्या. आम्ही औषधं पुन्हा ताडून बघू. एक पैसा घेणार नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मावशींनी खुर्चीचा हात धरला.

तो म्हणाला, "भाऊ, कोणाचीच तक्रार आलेली नाही. जुनं उकरलं तर लोक घाबरतील."

जन्मात पहिल्यांदा मी फुकट काही देऊ केलं, आणि समोरच्याने तेही घेतलं नाही.

तक्रार आली नाही, कारण आपण चुकीची गोळी घेतोय हे ज्याला माहीत नाही तो तक्रार कशाची करणार? त्यालाही माझ्यासारखं वाटत असेल, खाली छापलंय म्हणजे कोणीतरी वाचलंय. म्हणून मी हे लिहून ठेवतोय, आणि मॅनेजरसाहेब, तुम्ही हे वाचाल याची सोय मी करणार आहे. माझ्या वाट्याची चूक माझ्या नावावर लिहा, मी सही करतो. पण त्याशेजारी तुमच्याही वाट्याची लिहा, आणि मला सरळ उत्तर द्या: त्या घरांमध्ये फोन कोण करणार आहे, आणि कधी?